‘मी कुणाचं देणं ठेवत नाही’ : नायिकेची स्वतःबद्दलची खोटी समजूत कथेत कशी पेरायची आणि कशी तपासायची

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडून पेशंट येतात, कर्नाटकातून येतात, त्यांच्याबरोबर नातेवाईक येतात आणि नातेवाइकांना दोन वेळचं जेवण लागतं. अशाच एका गल्लीत इंदूची खानावळ आहे असं धरू. इंदू 51 वर्षांची, नवरा जाऊन 19 वर्षं झालेली. गल्ल्याशेजारी खिळ्याला लांबट लाल वही टांगलेली असते. त्या वहीत प्रत्येक मेंबरचं पान आहे, प्रत्येक खाडा आहे, कुणी उसना नेलेला प्रत्येक रुपया आहे. भाजीचे पैसे रोजच्या रोज, गॅसचे सिलिंडर उतरवतानाच, दुकानाचं भाडं एक तारखेला. कुणी काही देऊ केलं की इंदू म्हणते, "मी कुणाचं देणं ठेवत नाही."

हे वाक्य खोटं आहे आणि ते इंदूला माहीत नाही. ह्या एवढ्यावर चार-साडेचार हजार शब्दांची कथा उभी राहते. ती कशी, हे मी इंदूलाच धरून शेवटपर्यंत दाखवणार आहे. तुमची नायिका वेगळी असेल, गाव वेगळं असेल, पण बांधणी करताना हात ह्याच क्रमाने चालवलेत तर काम सोपं होतं.

आधी वाक्य मिळवा

कथेचा पहिला परिच्छेद लिहिण्याआधी नायिकेची समजूत एका वाक्यात लिहून काढा. वाक्य तिच्या तोंडचं हवं, तुमच्या तोंडचं नको. "इंदूला परावलंबनाची भीती वाटते" हे तुमचं वाक्य झालं. ते इंदू कधीच बोलणार नाही. "मी कुणाचं देणं ठेवत नाही" हे ती दिवसातून दोनदा बोलेल, आणि बोलताना मान ताठ ठेवेल. ही ताठ मान महत्त्वाची. खोटी समजूत ही बहुतेक वेळा माणसाची अभिमानाची जागा असते. "मी वाईट आहे", "माझ्यात काही नाही" अशा रडव्या समजुतीवरही कथा होते, पण नवख्या लेखकाला ती जड जाते, कारण प्रत्येक प्रसंगात नायिका कण्हत बसते आणि घडत काही नाही.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत नायिकेला वाटायचं, आपल्या हाताला चव नाही. पाहुणे आले, आमटी भुरकली, वाहवा झाली, समजूत संपली. कथाही तिथेच संपली, तिसऱ्या पानावर. ती समजूत नव्हतीच. ती चुकीची माहिती होती, आणि चुकीची माहिती एका पुराव्याने दुरुस्त होते. खरी खोटी समजूत पुरावा समोर आला तरी ढळत नाही, कारण माणूस ती जपत असतो. तुमच्या वाक्यावर हा प्रयोग करा: सकाळी कुणी येऊन नायिकेला खरं काय ते सांगितलं, तर दुपारपर्यंत ती मानेल का? मानणार असेल तर वाक्य बदला.

आणखी एक. वाक्यात अर्धं सत्य हवं. इंदू पैशाचं देणं खरंच ठेवत नाही. वाचकाने तिच्यावर विश्वास ठेवावा इतकं ते खरं आहे. खोट आहे ती ‘देणं’ ह्या शब्दात, कारण तिच्या लेखी देणं म्हणजे फक्त वहीत लिहिता येतं ते.

हे वाक्य कधीतरी खरं होतं, तो दिवस

समजूत हवेतून येत नाही. एके काळी तिने माणसाला जगवलेलं असतं. तो दिवस तुम्हाला तारखेसकट माहीत हवा. कथेत तो चार ओळींत आला तरी चालेल, एखाद्या कथेत अजिबात आला नाही तरी चालेल.

इंदूचा नवरा गेला तेव्हा मागे एका सावकाराचं कर्ज होतं. व्याजासकट 62,400 रुपये. तेराव्याला जमलेल्यांपैकी कुणीतरी ओसरीवर म्हणालं, "आता ही कुणाकुणाच्या दारात जाणार?" इंदू आत भांडी मांडत होती, तिने ऐकलं. महिना 1,300 प्रमाणे 48 हप्ते, असं ठरवून घेतलं आणि घरातच डबे सुरू केले. शेवटी सावकार म्हणाला, "फिटलं सगळं," तेव्हा तिने चिठ्ठी त्याच्या दारातच फाडली. त्या दिवशी "मी कुणाचं देणं ठेवत नाही" हे नुसतं वाक्य नव्हतं, तो तिचा कणा होता. वाचकाला हे एकदा कळलं की पुढे इंदू कितीही ताठर वागली तरी तो तिला हसत नाही.

आता त्याच दिवसात खोट पेरायची. दुसऱ्या वर्षी इंदूला टायफॉइड झाला. ती तीन महिने उठली नाही. ते तीन हप्ते, 3,900 रुपये, तिच्या नणंदेने भरले. माईंनी कानातल्या कुड्या मोडल्या आणि कुणाला सांगितलं नाही. इंदूला वाटतं, ते पैसे आपल्या भिशीतून गेले. पण भिशीतून गेले असते तर भिशीत तेवढे कमी निघायला हवे होते, आणि ते निघाले नाहीत. मेंबरचा एक खाडा न विसरणारी ही बाई तेवढं मात्र मोजायला विसरली.

ह्या विसरण्यावर थोडं थांबा, कारण माझ्या मते सगळ्या कथेचा जीव तिथे आहे. इंदूला कुणी फसवलेलं नाही. पुरावा पहिल्यापासून तिच्या हातात होता, तिनेच त्याकडे पाठ केली. सत्य जर फक्त दुसऱ्याने लपवलं असेल तर तुमची कथा रहस्यकथा होते: कपाटातून कागद निघतो आणि उलगडा होतो. नायिकेने स्वतः नजर वळवली असेल तरच कथा तिच्याबद्दलची होते.

समजूत आणि समजूत घालणं

मराठीने इथे एक चांगली सोय करून ठेवली आहे. ‘समजूत’ म्हणजे माणूस मानतो ते, आणि ‘समजूत घालणं’ म्हणजे रडत्याला गप्प करणं. खोट्या समजुतीची कथा ह्या दोन अर्थांमध्ये चालते. दर वेळी पुरावा समोर येतो, नायिका अस्वस्थ होते आणि स्वतःची समजूत घालते. दर वेळी ती समजूत घालणं आधीपेक्षा महाग पडतं. कथानक म्हणजे ही चढत जाणारी किंमत.

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. त्यातल्या प्रतिमुखाचं वर्णन करताना ‘दृष्टनष्ट’ असा शब्द येतो. पेरलेलं बीज दिसल्यासारखं होतं आणि दिसेनासं होतं. मला आपल्या कामासाठी ह्याहून नेमका शब्द सापडलेला नाही. प्रत्येक कसोटीत सत्य दिसलं पाहिजे आणि नाहीसं झालं पाहिजे. नुसतंच दिसलं तर कथा आटोपते. दिसलंच नाही तर वाचकाला काही चाललंय हे कळत नाही.

कामाला असं बसा. कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रसंगासाठी तीन गोष्टी लिहा: काय पुरावा आला, इंदूने स्वतःची काय समजूत घातली आणि त्यापायी तिचं काय गेलं. लघुकथेला असे चार किंवा पाच प्रसंग पुरतात. माझ्या कागदावर इंदूचे पाच होते.

पहिला अगदी किरकोळ. भाजीवाले रज्जाकभाई पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी वरून टाकतात. इंदू दहा रुपये पुढे करते, ते घेत नाहीत. संध्याकाळी इंदू त्यांच्या गाड्यावर झुणका-भाकरी पाठवते. मनात म्हणते, फिटलं. गेलं काय, तर एक झुणका-भाकर. वाचकाला ही बाई आवडते आणि तिची सवय कळते, एवढंच काम. ह्याच प्रसंगात जाता जाता माई खानावळीत बसून लसूण सोलताना दाखवल्या की पुरे. त्यांचे कान मोकळे आहेत. कुणीतरी मेंबर विचारतो, माई सांगतात, "सोनं घातलं की चिघळतात रे." एक वाक्य आणि पुढे चला. वाचक ते विसरला तरी चालेल, नव्हे विसरायलाच हवा.

दुसऱ्यात किंमत वाढते. मोरीत पाय घसरून इंदूचं उजवं मनगट मोडतं, सहा आठवडे प्लास्टर. भाकरी थापणारा हातच गेला. मुलगी वृषाली पुण्याहून आठ दिवसांची रजा काढून येते, पहाटे उठून पीठ मळते, गर्दी सांभाळते. सहाव्या दिवशी इंदू डाव्या हाताने एक पाकीट तिच्या पर्समध्ये सरकवते. आठ दिवसांची मजुरी, बाहेरच्या बाईला दिली असती तेवढीच. इंदूच्या मते ती न्यायाने वागली. पोरीचा संसार आहे, तिची रजा खर्ची पडली. वृषाली पाकीट बघते, काही बोलत नाही आणि दोन दिवस आधीच जाते. इंदू वहीत वृषालीच्या नावापुढे रक्कम लिहिते आणि खाली रेघ मारते.

ह्या प्रसंगात नवखा लेखक हमखास एक चूक करतो. तो वृषालीला बोलायला लावतो: "आई, तुला कुणाचं प्रेम घेताच येत नाही!" असं वाक्य लिहिलंत की कथा तिथेच उलगडून टेबलावर पडते. पुढचे तीन प्रसंग मग ह्याच वाक्याची उदाहरणं होऊन बसतात. नायिकेची समजूत कुठल्याही पात्राने नावानिशी सांगू नये. त्यांनी फक्त तिच्यामुळे काहीतरी करावं: लवकर निघून जावं, ताट अर्धं ठेवावं, फोन उशिरा उचलावा.

तिसऱ्या प्रसंगात समजूत जिंकली पाहिजे, तीही झोकात. मला स्वतःला हा प्रसंग सगळ्यांत आवडतो आणि नेमका हाच लोक गाळतात. विजापूरकडचा एक म्हातारा बायकोला घेऊन दवाखान्यात आलेला आहे, पैसे संपलेत, दोन दिवस तो चहावर आहे. इंदूच्या ते लक्षात येतं. ती फुकट जेवू घालत नाही. म्हणते, "आजोबा, माझा हात मोडलाय. सकाळी मेथी निवडून द्या, दोन्ही वेळचं ताट तुमचं." म्हातारा मेथी निवडतो आणि मान वर ठेवून जेवतो. इथे वाचकाला वाटलं पाहिजे की इंदूचं तत्त्वच बरोबर आहे, दान देऊन तिने त्याला लहान केलं असतं. आणि वाटेलच, कारण त्या जागी ते बरोबरच आहे. समजूत एकदाही जिंकली नाही तर वाचक पहिल्यापासून लेखकाच्या बाजूला जाऊन बसतो आणि नायिकेकडे वरून बघतो. तो तिच्या बाजूला बसला पाहिजे. तरच पुढे तिच्याबरोबर त्यालाही धक्का बसतो.

चौथा प्रसंग दृष्टनष्टाचा. सावकार वारला आहे, मुलगा घर रिकामं करतोय. जुन्या चोपड्या रद्दीत घालताना त्याला इंदूच्या खात्याचं पान दिसतं, तो गंमत म्हणून आणून देतो. इंदू पान वाचते. 45 नोंदींपुढे तिचं नाव. तीन नोंदींपुढे बारीक अक्षरात ‘ह. माई’. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे सांगायला नको: ‘ह.’ म्हणजे हस्ते, ज्याच्या हातून रक्कम आली तो. इंदूला हे अक्षर कळतं, ती स्वतः रोज लिहिते. ती स्वतःला सांगते, मी आजारी होते, माझेच पैसे माईंनी नेऊन दिले असतील. हस्ते म्हणजे काही पदरचे नव्हेत. तर्क अगदी शुद्ध आहे. पण त्या दिवसापासून ती माईंच्या डब्यात तूप जास्त घालते आणि डबा स्वतः न नेता पोऱ्याबरोबर पाठवते. माई आल्या की ती आत कामाला लागते.

म्हणजे तिला कळलंय. आणि तिने ते कळू दिलेलं नाही. ह्या टप्प्यावर वाचक नायिकेच्या पुढे गेलेला असतो. त्याला मोकळे कान आठवतात. इथून शेवटापर्यंतचं अंतर कमी ठेवा. साडेचार हजारांच्या कथेत सात-आठशे शब्दांहून जास्त नको. वाचकाला जे कळलंय ते नायिकेला कळायला फार वेळ लागला की तो तिला मंद समजू लागतो.

पाचवा प्रसंग शेवटाचा, त्याकडे नंतर येतो.

पाचही लिहून झाले की एक तपासणी करा. कुठलाही एक प्रसंग झाका आणि विचारा, ह्याच्या आधीची समजूत घालण्याची पद्धत आणि नंतरची, ह्यांत फरक पडला का? पहिल्यात इंदू वस्तूने फेडते, दुसऱ्यात पैशाने, तिसऱ्यात दुसऱ्यालाही आपल्या नियमात घेते, चौथ्यात स्वतःशी खोटं बोलते. प्रत्येक वेळी हत्यार वेगळं. माझ्या कागदावर आधी आणखी एक प्रसंग होता: शेजारीण डॉक्टरांकडे सोबत येते आणि इंदू तिचं रिक्षाभाडं देते. छान लिहिला होता, पण तो वृषालीच्या पाकिटाचाच दुसरा अवतार होता. काढून टाकला तेव्हा कथा एकदम पुढे सरकली.

निवेदकाने कुणाची बाजू घ्यायची

कथा ‘ती’ने सांगायची ठरवली तरी भाषा इंदूचीच ठेवा. "आपण कुणाचं देणं ठेवत नाही असा इंदूचा गैरसमज होता." हे एक वाक्य लिहिलंत की पाच प्रसंगांचं काम पाण्यात. निवेदकाला सत्य माहीत असतं, पण त्याने ते जिभेवर येऊ द्यायचं नाही. त्याने इंदूच्याच शब्दांत बोलायचं: "देणं कुणाचंच नव्हतं. रज्जाकभाईंचे दहा रुपये होते, त्यांची भाकरी गेली." ह्यात इंदूचा ठसका आहे, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला किंचित घाईही ऐकू येते.

ही घाई दाखवायला मराठीत छोटी छोटी अक्षरं आहेत, ती वापरायला शिका. एक ‘च’ बघा. "तिनं पैसे दिले होते" ही बातमी. "तिनं पैसे दिलेच होते" म्हटलं की कुणीतरी समोर नसताना इंदू त्याच्याशी भांडतेय. ‘च’ आला की समजा शंका आली. म्हणून पहिल्या दोन प्रसंगांत असा ‘च’ जपून वापरा आणि चौथ्यात सैल सोडा. "माझेच पैसे. माईंनी नेऊनच दिले असणार." वाचकाला कुणी काही न सांगता कळतं की खांब हललाय.

तसंच ‘म्हणे’. "वृषालीला राग आला म्हणे" ह्या वाक्यात इंदूने राग बघितला आणि तो दुसऱ्याच्या अंगणात ढकलून दिला. ‘असेल’, ‘असणार’, ‘काहीतरी’ हेही त्याच कुळातले. मसुदा पुरा झाला की फक्त हे शब्द पेन्सिलीने गोल करून बघा. गोल कथेच्या सुरुवातीला दाट आणि शेवटाकडे विरळ असतील, तर उलट लिहिलं गेलंय. इंदू सुरुवातीला निःशंक हवी.

प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे इंदूनेच ‘मी’ म्हणून सांगणं, ह्या विषयाला मोहात पाडणारं आहे, पण पहिल्या प्रयत्नात ते टाळा असं मी सांगेन. ‘मी’ सांगू लागली की प्रश्न येतो, ती हे कधी सांगतेय? सगळं घडून गेल्यावर सांगत असेल तर तिला शेवट माहीत आहे, आणि मग लपवाछपवी ती करतेय की तुम्ही, हे वाचकाला कळेनासं होतं.

शेवट: कबुली नको, कृती हवी

माई आजारी पडतात आणि त्याच गल्लीतल्या दवाखान्यात येतात. इंदूचं प्लास्टर अजून उतरलेलं नाही. ती रात्री हिशेब करते: 3,900 रुपये, 17 वर्षं, व्याज सावकाराच्याच दराने. रक्कम मोजून रुमालात बांधते आणि सकाळी माईंच्या उशाखाली सरकवते. म्हणजे सत्य तिने मानलंय, पण समजूत सोडलेली नाही. ती देणं फेडायला आली आहे. हा अर्धा टप्पा सोडू नका. "ती अचानक बदलली" असं वाचक म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हाच टप्पा गाळलेला असतो. माणूस सत्य कळल्यावर आधी ते जुन्याच हत्याराने हाताळून बघतो. ते हत्यार चालत नाही, तिथे कथा वळते.

माई रुमाल बाहेर काढतात, गाठ न सोडता इंदूच्या मांडीवर ठेवतात. "मी तुला नव्हते दिले. माझ्या भावाचं कर्ज होतं ते."

आता इंदूला फेडायला माणूसच उरला नाही. तिचा नियम मोडला नाही, तो लागूच होत नाही. शेवटच्या कसोटीत हेच साधायचं असतं: नायिकेचं नेहमीचं हत्यार तिच्या हातात आहे, धारही आहे आणि वार करायला जागा नाही. समजूत चुकीची आहे असं कुणी सिद्ध करून दाखवण्यापेक्षा हे फार खोल जातं.

पुढे काय? माझ्याकडे दोन शेवट होते. एकात इंदू खानावळीत परत येते, लाल वहीत नवं पान काढते, वर माईंचं नाव लिहिते आणि रकमेची जागा कोरी ठेवते. दुसऱ्यात ती दवाखान्यातच आहे. माईंसाठी आलेला दूध-भात स्टुलावर आहे. इंदूने सकाळपासून काही खाल्लेलं नाही आणि उजवा हात गळ्यात आहे. माई सुई टोचलेल्या हाताने घास कालवतात आणि पुढे करतात. "खा." इंदू एकदा दाराकडे बघते. मग तोंड उघडते.

मी दुसरा ठेवला. वहीचा शेवट सुबक आहे, पण तो इंदूने विचार करून केलाय. तो वाचकाला उद्देशून केलेला खुलासा वाटतो. घास खाताना तिला काही सिद्ध करायचं नसतं. शरीर आधी कबूल होतं, डोकं नंतर. आणि कथेत जिने गावाला जेवू घातलं तिला कुणीच भरवलेलं नाही, हे वाचकाच्या आता ध्यानात येतं. दोन्ही शेवट एकापाठोपाठ ठेवायचा मोह मलाही झाला होता. ठेवले असते तर दुसऱ्याने पहिल्याची किंमत घालवली असती. एक निवडा.

घासानंतर इंदूला बोलू देऊ नका. "आज मला कळलं" ह्या शब्दांनी सुरू होणारं कुठलंही वाक्य मसुद्यात असेल तर ते खोडा, मग ते कितीही सुंदर असो. आणि समजूत पुरती मेली असंही दाखवू नका. दुसऱ्या दिवशी भाड्याची एक तारीख असेल तर इंदू भाडं देणारच. 19 वर्षांचा कणा एका घासाने वितळत नाही आणि वितळावा असंही नाही. तिच्या नियमातला खरा अर्धा भाग तिच्याकडेच राहू द्या.

मसुदा कुणाला वाचायला द्यायचा

कथा न लिहिणाऱ्या, पण वाचणाऱ्या माणसाला द्या, आणि सबंध देऊ नका. तिसऱ्या प्रसंगाच्या शेवटी थांबवा. मग एकच प्रश्न विचारा: ह्या बाईला स्वतःबद्दल काय वाटतं? उत्तर तुमच्या वाक्याच्या जवळपास आलं तर पेरणी झाली. "फार स्वाभिमानी आहे" असं आलं तरी ठीक, तो रस्त्यावर आहे. "बिचारी, तिला कळत नाही की" असं सुरू झालं तर पुरावे फार लवकर आणि फार मोठे आले आहेत. वृषालीचा प्रसंग हळू करा, तिचं निघून जाणं दुसऱ्या कारणानेही समजण्यासारखं ठेवा, म्हणजे ऑफिसचा एखादा फोन त्याच संध्याकाळी येऊ द्या.

मग उरलेली कथा द्या आणि वाचताना त्यांच्याकडे बघत बसू नका. संपल्यावर विचारा, माईंच्या कानांचं कधी लक्षात आलं? चोपडीचं पान वाचताना आलं तर जागा बरोबर आहे. पहिल्याच प्रसंगात आलं तर ते वाक्य फार उठून दिसतंय. लसणीच्या सालींत, मेंबरांच्या गोंगाटात आणखी खाली दाबा. शेवटपर्यंत आलंच नाही तर चौथ्या प्रसंगात, इंदू पान घडी घालून वहीत ठेवते त्या क्षणी, माईंना डोक्यावरचा पदर कानामागे सारू द्या. तेवढं पुरतं.

सगळ्यात शेवटी पहिल्या प्रसंगाकडे परत जा. रज्जाकभाईंची कोथिंबीर. कथेच्या अखेरच्या परिच्छेदात, दवाखान्यातून येताना, ते पुन्हा एक जुडी पिशवीत टाकतात. माझ्या पहिल्या मसुद्यात इंदू हसून "राहू दे" म्हणायची. ते मी काढलं. आता ती दहा रुपये काढायला डावा हात कमरेच्या पिशवीकडे नेते, गाड्यावर दुसरं गिऱ्हाईक येतं, रज्जाकभाई तिकडे वळतात, आणि इंदू हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहते. मग घरी जाते. जुडी पिशवीत आहे.